सोसायटीचं जुनं जीमेल खातं "वापरात नाही" म्हणून डिलीट होणार म्हणे. आतल्या फायली कशा वाचवायच्या?

गच्चीवरची_टाकी

नमस्कार मंडळी. आमच्या चोवीस फ्लॅटच्या सोसायटीचं एक मोफत जीमेल खातं आहे. मागच्या सचिवांनी उघडलं होतं. ते काका आता मुलीकडे बेंगळुरूला राहतात. त्यांच्या स्वतःच्या मेलवर गूगलकडून पत्र आलंय, की सोसायटीचं खातं बरेच दिवस वापरलेलं नाही, दोन वर्षं पूर्ण झाली की ते आणि त्यातला मजकूर काढून टाकला जाऊ शकतो. काकांनी ते मला फॉरवर्ड केलं, कारण यंदा सचिवपद माझ्या गळ्यात पडलंय.

त्या खात्याच्या ड्राइव्हवर मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, कन्व्हेयन्स डीडचं स्कॅन, सभासदांची आय आणि जे नमुन्यातली नोंदवही, सगळी इतिवृत्तं आहेत. समितीतल्या पाच जणांना ते फोल्डर शेअर केलेलं आहे आणि आम्ही ते अधूनमधून उघडतो. म्हणजे वापर तर चालू आहे ना? मग ही नोटीस का?

पासवर्ड काकांना आठवत नाही. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर त्यांच्या जुन्या सिमचा, ते सिम कधीच बंद झालं.

बारामतीकर

सचिवसाहेब, दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं हे बरोबर. पण पैसे कुठे जात नाहीत. केवायसीची कागदं आणि समितीचा ठराव घेऊन शाखेत जा, खातं चालू करून देतात. दहा वर्षं झाली तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या फंडात जाते, तीसुद्धा परत मागता येते. उद्‍गम पोर्टलवर नाव शोधा.

शेवंती

बारामतीकर काका, ते मेलच्या खात्याबद्दल विचारतायत, बँकेच्या नाही :)

बारामतीकर

अरे हो. शीर्षक घाईत वाचलं. पण माहिती खरी आहे, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

ट्रिपल_सीट

टाकीराव, घाबरू नका. त्या पत्त्यावर महावितरणचं बिल, बँकेचे मेल रोज येत असतील ना? मेल येतात म्हणजे खातं जिवंत आहे. दोन वर्षांचा नियम पूर्ण ओसाड पडलेल्या खात्यांसाठी आहे. आणि ज्या खात्यावर यूट्यूबचे व्हिडिओ आहेत ती खाती ते डिलीट करत नाहीत. गणपतीचा एखादा व्हिडिओ टाकून द्या, विषय संपला.

रानवारा

ट्रिपल_सीट यांचं अर्धं बरोबर आहे. व्हिडिओ असलेली खाती काढण्याचा सध्या विचार नाही असं गूगलने 2023 मध्ये सांगितलं होतं. "सध्या" हा शब्द त्यांचाच. पण व्हिडिओ चढवायलाही आत शिरावं लागतं आणि इथे अडलंय नेमकं तेच.

मेल येण्याचा मात्र काही उपयोग नाही. मेल येणं ही पाठवणाऱ्याची हालचाल झाली. खात्यात लॉगिन असताना तुम्ही काहीतरी करायला हवं. मेल वाचणं किंवा पाठवणं, ड्राइव्ह वापरणं, यूट्यूब बघणं, प्ले स्टोअरवरून अॅप उतरवणं, साधं गूगल सर्च करणं, किंवा दुसऱ्या एखाद्या साइटवर "साइन इन विथ गूगल" वापरणं. यातलं काहीही एक चालतं. फोनवरून केलं की कॉम्प्युटरवरून याला महत्त्व नाही. हिशोब खात्याचा असतो, यंत्राचा नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. तुम्ही पाच जण फोल्डर उघडता ते आपापल्या खात्यातून. त्यामुळे तुमची पाच खाती जिवंत राहतात. ज्या खात्याच्या मालकीच्या त्या फायली आहेत, त्यात कोणी शिरतच नाही. ते खातं गेलं की फायली तुम्हा पाचही जणांच्या स्क्रीनवरून एकदमच जातील. फोल्डर कितीही जणांना दिसत असलं तरी प्रत्येक फाइलचा मालक एकच असतो आणि दोन वर्षांचं घड्याळ त्याच्या नावावर चालतं.

हा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे आणि फक्त व्यक्तिगत मोफत खात्यांना आहे. सुरुवात त्यांनी उघडून कधीच न वापरलेल्या खात्यांपासून केली. काढण्याआधी कित्येक महिने त्या खात्यावर आणि रिकव्हरी मेलवर सूचना येत राहतात. काकांना आलेली ती तीच असावी. खातं गेल्यावर तो पत्ता पुन्हा कोणालाही घेता येत नाही, तुम्हालाही नाही. सोसायटीच्या इन्कम टॅक्स पोर्टलला, बँकेला, उपनिबंधक कार्यालयात तोच पत्ता दिलेला असेल तर तिकडचे ओटीपी अडकतील. याचा फायलींइतकाच ताप होईल.

कोकणकडा

थांबा. ते पत्र खरंच गूगलचं आहे का हे आधी पाहिलंत का? "तुमचं खातं बंद होणार, इथे क्लिक करा" असे खोटे मेल भरपूर फिरतात. आमच्या ऑफिसात एकाने अशाच लिंकवर पासवर्ड टाकला आणि खातं हातचं घालवलं. त्यातल्या लिंकला हात लावू नका. ब्राउझरमध्ये स्वतः `myaccount.google.com` टाइप करून जा.

रानवारा

+१. मेल खरा असो की खोटा, पुढची कृती तीच.

टाकी, दोन गोष्टी सांगा. एक, काकांच्या ज्या मेलवर नोटीस आली तो त्या खात्याचा रिकव्हरी मेल आहे का? दोन, ते खातं सोसायटीच्या ऑफिसातल्या एखाद्या कॉम्प्युटरवर उघडलं जायचं का? जायचं असेल तर तो कॉम्प्युटर फॉरमॅट करू नका, साफसफाईचं सॉफ्टवेअर चालवू नका, क्रोममधून लॉगआउट करू नका.

गच्चीवरची_टाकी

काकांशी फोनवर बोललो. त्यांचा मेल रिकव्हरीला असावा, कारण नोटीस तिथेच आली. पण तो त्यांच्या जुन्या नोकरीच्या काळातला मेल आहे, त्यांच्या फोनवर फक्त वाचायला येतो, त्याचाही पासवर्ड ठाऊक नाही. वाचता येतंय तोवर पुरे म्हणाले.

ऑफिसात जुना विंडोज 7 वाला डबा आहे. शेवटच्या ऑडिटच्या वेळी आमच्या क्लार्कने त्यावर खातं उघडलं होतं. त्यानंतर तो कपाटाशेजारी धूळ खात पडलाय. कालच एक सभासद भंगारात द्यायचा म्हणत होते.

रानवारा

भंगारात अजिबात नको. सध्या सोसायटीची सगळ्यात मौल्यवान वस्तू तीच आहे.

कारण असं. खातं परत मिळवायला `accounts.google.com/signin/recovery` वर जावं लागतं आणि तिथे माणूस खरा आहे का हे ताडताना गूगल ओळखीचं यंत्र, ओळखीचा ब्राउझर आणि ओळखीची जागा याला वजन देतं. त्यामुळे प्रयत्न त्याच डब्यावरून, त्याच क्रोममधून, शक्यतो सोसायटीच्याच वायफायवरून करा. तुमच्या घरच्या नव्या लॅपटॉपवरून अंदाजाने पासवर्ड टाकत बसू नका.

त्याहून सोपी शक्यता आधी तपासा. क्लार्कने तेव्हा "पासवर्ड सेव्ह करू का" ला हो म्हटलं असेल. विंडोज 7 वर क्रोम 109 च्या पुढे गेलेलं नाही, म्हणून अॅड्रेस बारमध्ये हे टाका:

```
chrome://settings/passwords
```

यादीत google.com दिसलं तर शेजारचा डोळा दाबा. विंडोजचा लॉगिन पासवर्ड मागेल, तो क्लार्कला माहीत असेल. आणि काकांना त्या वेळेत फोन हातात घेऊन बसायला सांगा. कोड आला तर त्यांच्या मेलवर येईल आणि तो थोडाच वेळ चालतो.

शेवंती

विषय निघालाच आहे तर विचारते. आईचं एक वेगळं जीमेल आहे, तिच्या नातवंडांचे फोटो गूगल फोटोजवर ठेवायला मीच उघडून दिलं होतं. आई त्या खात्याने फोनवर यूट्यूबवर कीर्तनं ऐकते रोज. म्हणजे आम्ही सुरक्षित, बरोबर?

रानवारा

खातं सुरक्षित आहे. फोटोंबद्दल मी तसं म्हणणार नाही. जून 2021 पासून वेगळा एक नियम आहे. जीमेल, ड्राइव्ह किंवा फोटोज यापैकी एखाद्या सेवेत दोन वर्षं शिरलाच नाहीत तर त्या सेवेतला मजकूर ते काढू शकतात, बाकीचं खातं चालू असलं तरी. फोटोजबद्दल तर ते मुद्दाम सांगतात की दोन वर्षांतून एकदा तरी खास फोटोजमध्ये साइन इन करा. आईंच्या फोनवर फोटोजचं अॅप त्याच खात्याने उघडून चार फोटो चाळा. एवढं बस आहे.

हे गूगलपुरतंच नाही. मायक्रोसॉफ्टचं खातं दोन वर्षं टिकतं, पण आउटलुकचा इनबॉक्स आणि वनड्राइव्ह यांत वर्षातून एकदा वेगवेगळं जावं लागतं. याहूचा मेलबॉक्स बारा महिन्यांत रिकामा होऊ शकतो. जिथे जे ठेवलंय ते दार उघडून बघायचं.

आणि जागा तपासा. 15 जीबीची मर्यादा ओलांडून दोन वर्षं तसंच राहिलं तर तोही मजकूर काढण्याचा हक्क त्यांनी ठेवलाय. तिथे रोज लॉगिन केलं म्हणून सुटका नाही. `drive.google.com/drive/quota` वर मोठ्या फायली वरून खाली लावलेल्या दिसतात.

हडसनकाठचा

मी न्यू जर्सीत असतो, आई-बाबा साताऱ्यात. आमच्याकडे उलटा प्रश्न झाला. बाबा गेले आणि त्यांच्या मेलमध्ये विम्याचे सगळे कागद. आम्हाला कोणालाच आत जाता येईना. त्यानंतर आईच्या खात्यात आणि माझ्याही खात्यात इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर लावून टाकलं. पत्ता `myaccount.google.com/inactive`.

त्यात किती महिने हालचाल नसली तर खातं निष्क्रिय समजायचं हे आपण ठरवतो: 3, 6, 12 किंवा 18. ती मुदत संपायच्या महिनाभर आधी आपल्याला मेसेज आणि मेल येतो. आपण काहीच केलं नाही तर आपण निवडलेल्या माणसांना, जास्तीत जास्त दहा, कळवलं जातं आणि आपण परवानगी दिली असेल तेवढी माहिती त्यांना उतरवून घेता येते. त्यासाठी तीन महिने मिळतात. सोसायटीच्या खात्यात अध्यक्ष आणि खजिनदार यांचे मेल टाकून ठेवता येतील. सचिव बदलला तर नावं बदलायची, एवढंच.

रानवारा

चांगली सूचना. एक सावधगिरी: त्याच पानावर शेवटी "खातं डिलीट करायचं का" असा पर्याय असतो. सोसायटीसाठी तो बंदच ठेवा. नाहीतर दोन वर्षांच्या आधी तुम्हीच ते काढून टाकाल.

गच्चीवरची_टाकी

खबर द्यायला आलो. डबा चालू झाला! घड्याळ चुकलेलं होतं, त्यामुळे आधी एकही साइट उघडेना, तारीख नीट केल्यावर उघडल्या. जीमेल लॉगआउट झालेलं होतं, पण क्रोमच्या यादीत पासवर्ड सापडला. टाकल्यावर "तुम्हीच आहात का" म्हणून काकांच्या मेलवर कोड पाठवला, काकांनी फोनवर वाचून दाखवला, आणि आत.

आता पुढे काय आधी करू? पासवर्ड बदलू का?

रानवारा

वा. आत शिरून मेल उघडलेत, म्हणजे दोन वर्षांचं घड्याळ आजपासून पुन्हा सुरू झालं. आता घाई कशाचीच नाही, नीट क्रमाने करा.

प्रथम रिकव्हरी. जुना मोबाइल काढून चालू नंबर घाला. आपल्याकडे सिम 90 दिवस वापरलं नाही की कंपनी बंद करू शकते आणि पुढे तो नंबर दुसऱ्याला मिळतो. काकांचा जुना नंबर आज कोणाच्या तरी खिशात असेल आणि तुमच्या सोसायटीचे कोड त्याला जात असतील. नवीन नंबर घातला तरी आठवडाभर जुन्या नंबरावर कोड पाठवण्याचा पर्याय दिसू शकतो, त्याने गोंधळू नका. रिकव्हरी मेल मात्र आठवडाभर काकांचाच राहू द्या. नवीन नंबरावर कोड येतोय याची खात्री झाली की मग बदला. पासवर्ड त्यानंतर, आणि तो इतिवृत्ताच्या वहीत न लिहिता सीलबंद पाकिटात अध्यक्षांकडे.

मग सगळ्याची प्रत उतरवून घ्यायला `takeout.google.com`. तिथे यादीतल्या सगळ्या खुणा काढून फक्त ड्राइव्ह आणि मेल निवडा. झिप तयार व्हायला काही तास, कधी दिवसही लागतो. मेलवर लिंक येते आणि ती साधारण आठवडाभरच चालते, त्यामुळे आल्या आल्या हार्ड डिस्कवर उतरवा. गूगल डॉक आणि शीट या वर्ड आणि एक्सेलच्या फायली होऊन येतात. मेल एका मोठ्या mbox फाइलमध्ये येतात, त्या वाचायला थंडरबर्डसारखं काहीतरी लागतं. झिप उघडून बघितल्याशिवाय काम झालं समजू नका.

गच्चीवरची_टाकी

करतो. ड्राइव्हमध्ये एक विचित्र गोष्ट दिसली. ऑडिट रिपोर्टच्या फोल्डरमध्ये काही फायलींवर मालक म्हणून मागच्या खजिनदारांचं नाव दिसतंय. फोल्डर तर सोसायटीचं आहे.

रानवारा

हेच मला वाटत होतं. शेअर केलेल्या फोल्डरमध्ये जो फाइल चढवतो ती त्याच्या मालकीची राहते. फोल्डर तुमचं असलं तरी. ड्राइव्हच्या सर्चमध्ये हे टाका:

```
-owner:me
```

सोसायटीच्या मालकीच्या नसलेल्या सगळ्या फायली बाहेर येतील. म्हणजे एका घड्याळाची चावी दिलीत, पण त्या फायलींचं घड्याळ खजिनदारांच्या खात्यात चालू आहे. त्यांनी ते खातं वापरणं सोडलं, किंवा जागा कमी पडते म्हणून त्या फायली उडवल्या, तर तीस दिवस कचरापेटीत राहून त्या कायमच्या जातील आणि तुम्हाला कळणारही नाही.

दोन मार्ग आहेत. खजिनदार ओळखीतले असतील तर त्यांनी फाइलवर शेअर उघडून सोसायटीच्या नावापुढे `Transfer ownership` निवडायचं. तुमच्याकडे विनंती येते, ती तुम्ही स्वीकारावी लागते. कुठे अडकली आहे हे `pendingowner:me` शोधलं की दिसतं. लक्षात ठेवा, फोल्डरची मालकी बदलली म्हणून आतल्या फायलींची बदलत नाही.

ते भेटत नसतील तर तुम्हीच फायली निवडून `Make a copy` करा. प्रत तुमच्या मालकीची होते. ती तुमच्या 15 जीबीत मोजली जाते, तिची लिंक नवी असते आणि जुना बदलांचा इतिहास येत नाही. अख्ख्या फोल्डरची प्रत ब्राउझरमधून होत नाही, आतल्या फायली निवडाव्या लागतात. ऑडिट रिपोर्ट स्कॅनच असणार, तेव्हा तुम्हाला हाच मार्ग बरा.

ट्रिपल_सीट

एवढा खटाटोप दर दोन वर्षांनी कोण करणार? सोसायटीच्या खात्यातून माझ्या जीमेलवर ऑटो फॉरवर्ड लावा. किंवा फोनच्या मेल अॅपमध्ये ते खातं जोडून ठेवा. नाहीतर गूगल शीटमध्ये छोटी स्क्रिप्ट बसवा, महिन्यातून एकदा आपोआप एक मेल पाठवेल. झाली हालचाल.

रानवारा

फॉरवर्डवर मी विसंबणार नाही. ते आपोआप चालतं, कोणी लॉगिन करत नाही, आणि गूगलने दिलेल्या यादीत ते नाही. स्क्रिप्टचंही तेच. मेल पाठवणं यादीत आहे, पण माणसाऐवजी स्क्रिप्टने पाठवलेला मेल ते धरतात का, हे त्यांनी कुठे लिहिलेलं मला सापडलेलं नाही.

कोकणकडा

फोनच्या अॅपमध्ये जोडलेलं चालेल की. आपण त्यात मेल वाचतोच ना, आणि "मेल वाचणं" यादीत आहे.

रानवारा

गूगलच्या स्वतःच्या जीमेल अॅपमध्ये उघडून वाचलात तर नक्की. दुसऱ्या कंपनीच्या अॅपने मागच्या मागे मेल ओढले तर माझी खात्री नाही. आणि कुठल्याही अॅपमधून मेल वाचलेत तरी फोटोजचा प्रश्न उरतोच.

ट्रिपल_सीट

मला अजूनही वाटतं स्क्रिप्ट चालेल. माझ्या एका जुन्या खात्यावर लावलेली आहे, अजून नोटीस आलेली नाही.

बारामतीकर

नोटीस आलेली नाही म्हणजे स्क्रिप्टने वाचवलं असं कसं? तुम्ही मधे कधी त्यात लॉगिन केलं असेल.

ट्रिपल_सीट

केलं होतं खरं, स्क्रिप्ट बसवायला.

शेवंती

मला हे विचारायचंय की सोसायटीने दरवर्षी वार्षिक सभेच्या आधी हे करून टाकलं तर? तेव्हा नोटीस पाठवायला खातं उघडावंच लागतं. त्याच दिवशी फोटोज आणि ड्राइव्हही उघडायचं.

गच्चीवरची_टाकी

आमच्याकडे सभेची नोटीस व्हॉट्सअॅपवर जाते, इथूनच तर सगळं सुरू झालं. पण यंदा मेलनेही पाठवतो.

टेकआउटची झिप आली, उतरवली. इतिवृत्तं आणि नकाशा त्यात आहेत. `-owner:me` मध्ये ऑडिट रिपोर्टच्या जोडीला लिफ्टच्या एएमसीचे करारही निघाले, ते तर समितीत कधीच नसलेल्या एका भाडेकरूच्या खात्यावर आहेत. तो आता कुठे राहतो कोणाला माहीत नाही. त्याच्या फायलींच्या प्रती करायला घेतल्यात, पण एका फाइलवर प्रत करायचा पर्यायच दिसत नाहीये.

रानवारा

त्याने ती शेअर करताना बघणाऱ्यांना डाउनलोड, प्रिंट आणि कॉपी करायची मनाई केली असेल. तुम्हाला त्या फाइलवर संपादनाचा हक्क आहे की फक्त बघायचा? फक्त बघायचा असेल तर त्याला विनंती पाठवणं किंवा लिफ्ट कंपनीकडून कराराची नवी प्रत मागणं. दुसरं बहुतेक लवकर होईल.